अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आणि माझं उत्तर

आजचा भाग ऐकायचा नसेल आणि वाचायचाच असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोलताना मी दोन ठिकाणी अडखळले होते, ते इथे काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवला. आई-वडिलांना कसं समजवायचं यावर खूप बोललं जातं, पण जवळच्या मित्राने किंवा मैत्रिणीनेच तोंडावर सुनावलं तर काय उत्तर द्यायचं? मला हा प्रश्न लगेच भिडला, कारण मी स्वतः त्यातून गेलेय. पहिल्यांदा मी अगदी चुकीचं उत्तर दिलं होतं आणि त्यामुळे नऊ दिवस आमचं बोलणं बंद होतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी मूळची वाईची. घर मराठ्यांचं, गावाकडे थोडी शेती, भावकी मोठी. माझा नवरा मिरजेचा, मुसलमान. आम्ही दोघं पुण्यात नोकरीला, तिथेच ओळख झाली. लग्न करायचं ठरलं तेव्हा कोणीच धर्म बदलायचा नाही हे आमचं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. त्यामुळे रस्ता एकच होता, 1954 चा विशेष विवाह कायदा. ज्याला आपण सगळे ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो ते. खरंतर कोर्टाचा त्यात काही संबंध नसतो, लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर होतं.

या कायद्यातली एक पायरी आमच्या गोष्टीत महत्त्वाची आहे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आणि तुमचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची एक प्रत त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडेही जाते, तिथेही ती लागते. म्हणजे आमची नोटीस पुण्यात दिली, पण माझ्यामुळे साताऱ्याला आणि त्याच्यामुळे सांगलीला गेली. साताऱ्यात कोणीतरी तिचा फोटो काढला. दोन दिवसांत तो वाईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. माझं नाव, पत्ता, त्याचं नाव, सगळं.

घरी मी त्याच आठवड्यात सांगणार होते. फोटो माझ्या आधी पोहोचला.

आणि त्याच रात्री माझ्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. अकरा मिनिटांचा. पाचवीपासूनची मैत्रीण. एका बाकावर बसलो, एकाच एसटीने कॉलेजला गेलो, पुण्यात नोकरी लागल्यावर ती काही वर्षं हडपसरला राहत होती. आता ती लग्न होऊन परत वाईला आहे. तिचं नाव मी इथे घेणार नाही. हा भाग तिने आधी ऐकलाय आणि तिची हरकत नाही, एवढं सांगते.

त्या अकरा मिनिटांत काय नव्हतं! तुला आज ना उद्या धर्म बदलावाच लागेल. ते लोक चार-चार करतात. गावाकडच्या जमिनीतला तुझा हिस्सा गेला समज. आईचं बीपी वाढलंय, तिला काही झालं तर तू जबाबदार. धाकटीचं लग्न कसं जमायचं? उद्या पोरं झाली की त्यांचं काय? मेल्यावर तुला कुठं नेणार, कैलासात की कबरस्तानात? तू अशी नव्हतीस, तुझी अक्कल गहाण पडलीये. आणि शेवटी, आवाज एकदम खाली आणून, “तीन वर्षं माझं नाव वापरलंस तू.”

आता माझं पहिलं उत्तर. रात्री दोन वाजता मी टाइप करायला बसले. एवढा लांब मेसेज मी आयुष्यात कधी लिहिला नसेल. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल, एका लेखाची लिंक, ‘तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती’ असं एक वाक्य, आणि शेवटी ‘माझं आयुष्य आहे’. निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

त्या मेसेजमध्ये कायद्याची एकही चूक नव्हती. तरी तो चुकलाच होता, आणि का चुकला ते कळायला मला आठवडा लागला. तिच्या मेसेजमध्ये कमीत कमी तीन वेगवेगळ्या जातीची वाक्यं होती आणि मी सगळ्यांना एकच औषध दिलं होतं.

मग एका रविवारी मी तो मेसेज पुन्हा ऐकला. हातात पेन आणि वहीचं मागचं पान. तुम्हालाही हेच सांगेन, की व्हॉइस मेसेज असेल तर तो कागदावर उतरवा, एकेक वाक्य. ऐकताना आवाजातला राग आधी कानावर येतो आणि शब्द मागे राहतात. कागदावर आवाज नसतो. मी लिहिलं तेव्हा एकूण तेवीस वाक्यं झाली, आणि त्यातली खरोखर अपमानाची फक्त चार होती. मला तर रात्री सगळा मेसेजच शिवीसारखा ऐकू आला होता.

मग प्रत्येक वाक्यापुढे खूण केली. काही वाक्यं अशी की ती खरी की खोटी हे तपासता येतं. काही वाक्यं म्हणजे काळजी, त्यांना खरं-खोटं नसतं. आणि काही म्हणजे निकाल, ‘तू अशी आहेस, तू तशी झालीस’. तिन्हींना उत्तर द्यायची पद्धत वेगळी आहे.

तपासता येणाऱ्या वाक्यांपासून सुरू करू, कारण ती सोपी वाटतात आणि तिथेच आपण जास्त माती खातो.

‘धर्म बदलावा लागेल.’ विशेष विवाह कायद्यात बदलावा लागत नाही. तो कायदा त्यासाठीच आहे, दोन धर्मांच्या माणसांनी आपापला धर्म ठेवून लग्न करावं म्हणून. इथे उत्तर एका ओळीचं आहे आणि एका ओळीतच थांबावं.

‘ते चार करतात.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता, आणि रागात मी तिला ‘जातीयवादी’ म्हटलं होतं. वहीत लिहिल्यावर दिसलं की यात दोन गोष्टी आहेत. एक, एका माणसाला न ओळखता त्याच्या अख्ख्या समाजावरून त्याचा अंदाज बांधणं. दुसरी, तिच्या मैत्रिणीवर सवत आली तर काय, ही अगदी खरी भीती. पहिल्या गोष्टीवर वाद घातला असता तर आम्ही आजही भांडत असतो. दुसऱ्याला मात्र नेमकं उत्तर आहे. या कायद्याखाली लग्न करताना दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात असून चालत नाही. आणि एकदा या कायद्याने लग्न झालं की, नवरा-बायको दोघं असताना कोणी दुसरं लग्न केलं तर ते दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि करणाऱ्यावर द्विभार्येचा गुन्हा लागतो. तो कुठल्या धर्माचा आहे हे तिथे विचारलं जात नाही. तोंडी तलाकही इथे चालत नाही, घटस्फोट न्यायालयातूनच घ्यावा लागतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हे मला माहीत नव्हतं.” बास. तेवढंच. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, पण तिचा श्वास थोडा खाली आल्याचं जाणवलं.

आता जमीन. इथे गंमत आहे, कारण इथे ती अर्धी बरोबर होती. मी पहिल्या मेसेजमध्ये ठणकावून लिहिलं होतं, ‘काही जात नाही, सगळ्या अफवा’. मग एका वकील ओळखीच्या माणसाला विचारलं, तर तो हसला. या कायद्याच्या 19 व्या कलमात असं आहे की हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असलेल्या आणि एकत्र कुटुंबात असलेल्या माणसाने या कायद्याने लग्न केलं, तर तो त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जातं. 1976 साली सुधारणा झाली, तेव्हापासून दोघंही याच चार धर्मांतले असतील तर हे लागू होत नाही. म्हणजे मराठा मुलगी आणि बौद्ध मुलगा, किंवा ब्राह्मण आणि जैन, त्यांना ही अडचण नाही. आमच्यासारख्या हिंदू-मुसलमान जोडप्याला मात्र लागू होतं.

पण ‘वेगळा झाला’ म्हणजे ‘हिस्सा बुडाला’ नाही. भाऊ वेगळे निघतात तेव्हा हिस्सा बुडतो का? तो मोजून बाजूला होतो. 2005 पासून मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा माझा जो काही हिस्सा आहे तो माझाच, फक्त आता तो एकत्र नाही. शिवाय आणखी एक फरक पडतो. माझ्यानंतर माझी मालमत्ता कोणाला जाईल हे आता हिंदू वारसा कायद्याने ठरणार नाही, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरेल. त्याचंही तसंच, त्याच्यानंतर त्याच्या मालमत्तेलाही तोच कायदा. (तुमची स्वतःची जमिनीची केस असेल तर सातबारा घेऊन वकिलाकडे जा. पॉडकास्टवरून वाटण्या करू नका.)

मी हे एवढं सविस्तर का सांगतेय? कारण समोरच्याच्या टीकेत जे अर्धं बरोबर असतं, तिथेच तुमची परीक्षा असते. तिथे तुम्ही ‘नाही नाही, सगळं खोटं’ म्हणालात आणि उद्या तिने कोणाला विचारून 19 वं कलम काढून दाखवलं, की तुमची बाकीची खरी उत्तरंही पडतात. मी भेटल्यावर तिला सांगितलं, “जमिनीचं तू म्हणालीस त्यात तथ्य आहे, मी चुकले होते, पण पूर्ण गोष्ट अशी अशी आहे.” त्यानंतर तिने माझं बाकीचं ऐकलं.

एक छोटी गोष्ट राहिलीच. तिने ‘आम्ही ऑफिसात जाऊन हरकत घेऊ’ असंही म्हटलं होतं. हरकत कोणीही घेऊ शकतं, 30 दिवसांच्या आत. पण कारणं ठरलेली आहेत: जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगी 18, मुलगा 21), संमती देण्याच्या मानसिक स्थितीत नसणं, निषिद्ध नात्यात असणं. घरच्यांची नापसंती, जात, धर्म ही कारणं त्या यादीत नाहीत. हे मी तिला त्या वेळी सांगितलंच नाही. ती हरकत घेणार नव्हती, ती चिडली होती. प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचं नसतं, हे मला वहीमुळेच कळलं.

इथे थांबून एक गोष्ट गंभीरपणे सांगते. टीका आणि धमकी यात फरक करा. ‘तुझ्याशी बोलणार नाही’ ही टीका आहे. ‘तुम्ही कुठे राहता ते माहितीये, बघतोच’ ही धमकी आहे, मग ती मित्राची असो नाहीतर भावाची. धमकीला समजुतीचं उत्तर देत बसायचं नाही. मेसेज जपून ठेवायचा, लग्नाची तारीख आणि पत्ता कोणाला सांगायचा नाही, आणि पोलिसांकडे जायचं. 2018 साली शक्ती वाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि गरज पडली तर सुरक्षित निवारा असावा असे निर्देश दिलेत. तातडी असेल तर 112. माझ्या मैत्रिणीच्या तेवीस वाक्यांत धमकी एकही नव्हती, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

आता काळजीची वाक्यं. आईचं बीपी, धाकटीचं लग्न, पोरांचं काय, मेल्यावर कुठं.

काळजीला आपण बहुतेकदा युक्तिवादाने उत्तर देतो. ‘आजकाल असं काही नसतं गं.’ असतं ना! धाकटीला त्यानंतर एक स्थळ येऊन परत गेलं, कारण सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मी मैत्रिणीला खोटं सांगू शकत नव्हते की काही होणार नाही. मी म्हणाले, “हो, तिला त्रास होईल, आणि मी तो थांबवू शकत नाही. मी तिच्याशी बोललेय. ती म्हणाली, ताई, तू लग्न मोडलंस तरी लोक काहीतरी बोलणारच, पण मला दोन महिने फोन करू नकोस, मला राग आलाय.” मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की मी धाकटीचा विचारच केला नाही. काळजीला उत्तर म्हणजे तुम्ही त्या गोष्टीचं काय केलंय आणि काय केलेलं नाही, एवढंच सांगणं.

आणि मेल्यावर कुठं नेणार? हा प्रश्न तिने मला बोचायला विचारला होता, पण खरं सांगू का, आम्ही दोघांनी त्यावर कधीच बोललो नव्हतो. तीन वर्षांत पगार, घर, कोणाकडे कुठला सण, मटण कुठून आणायचं, सगळं झालं होतं. मुलाचं बारसं करायचं हे ठरलं होतं, सुंतेचं ठरलं नव्हतं, तो विषय दोघंही टाळत होतो. मरणाचा विषय तर निघालाच नव्हता. मी त्या रविवारी वही घेऊन त्याच्याकडे गेले आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला मिरजेत, अब्बूंच्या शेजारी.” मी म्हणाले, “मला कृष्णेवर, वाईला.” तेवढ्यावर ठरलं. दोघांनी एकमेकांचं ऐकायचं, आणि घरच्यांपुढे दुसऱ्याच्या शब्दाला उभं राहायचं. सुंतेवर मात्र त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं आणि आजही ते पूर्ण मिटलेलं नाही.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं, न मिटलेलं धरून. टीका करणाऱ्यापुढे आपण सगळं चकाचक दाखवायला जातो. तिला ते पाठ केलेलं वाटतं. ‘हे ठरलंय, हे ठरलं नाही, यावर आम्ही भांडतोय’ असं म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, “मग तुमचं खरंच लग्न होणार दिसतंय.”

तिसरी जात, निकालाची वाक्यं. ‘तू अशी नव्हतीस. तुझी अक्कल गहाण पडलीये.’

याला पुराव्याने उत्तर देता येत नाही. मी कशी आहे याचा दाखला मी कुठून आणू? इथे मला आमच्याच भागातली एक जुनी गोष्ट आठवते. नायगाव, शिरवळजवळचं, सावित्रीबाई फुल्यांचं माहेर. 1856 साली त्या आजारपणामुळे माहेरी होत्या आणि तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. त्या पत्रात भावाशी झालेलं बोलणं आहे. तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकलं ते योग्यच, अशा अर्थाचं भाऊ त्यांना सुनावतो. सख्खा भाऊ, आजारी बहिणीला. सावित्रीबाईंनी त्याला मऊ शब्दांत समजावलं असं नाही, तुझी बुद्धी कोती आहे हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी त्याच्याच रोजच्या वागण्यातलं उदाहरण काढलं: तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नाग धरून त्याला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांचा विटाळ का? कारण सांग.

मला त्यातलं शेवटचं महत्त्वाचं वाटतं. कारण सांग. त्यांनी त्याला बाहेरचा दाखला दिला नाही, तो स्वतः जे करतो तेच त्याच्यापुढे ठेवलं आणि प्रश्न त्याच्याकडे सोपवला. सावित्रीबाईंची बरोबरी करायचा माझा काही विचार नाही, पण ही रीत मी उचलली. मी मैत्रिणीला विचारलं, “कॉलेजात तू त्या मुलाशी बोलतेस म्हणून तुझ्या काकांनी तुझी अक्कल काढली होती. तेव्हा तुझी अक्कल गहाण पडली होती का? मला तेव्हा तू काय म्हणाली होतीस?” ती आठवत राहिली. ती तेव्हा म्हणाली होती की त्यांनी मला एकदा विचारायला तरी हवं होतं. मी गप्प राहिले. पुढचं तिने स्वतःच जोडलं, की तिनेही मला काही न विचारता अकरा मिनिटं सुनावली होती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कधी झालं, कुठे झालं. मेसेजवर नाही. वही भरल्यावर मी तिला एवढंच लिहिलं, “शनिवारी वाईला येते. गणपती घाटावर भेटशील का? तासभर. उत्तर द्यायला नाही येत, एक गोष्ट कबूल करायचीये.” स्वारगेटवरून सकाळची एसटी धरली. घरी जायची माझी टाप नव्हती, बाबांनी येऊ नकोस असं कळवलं होतं. ढोल्या गणपतीसमोर पायऱ्यांवर बसून राहिले. ती पाऊण तास उशिरा आली, लेकीला कडेवर घेऊन.

आणि मी सुरुवात कायद्याने केली नाही, जमिनीने नाही, त्याच्या चांगुलपणाने तर अजिबात नाही. तिच्या तेविसाव्या वाक्याने केली. तीन वर्षं माझं नाव वापरलंस.

कारण ते पूर्ण खरं होतं. पुण्यात असताना शनिवार-रविवार मी घरी सांगायचे की मैत्रिणीकडे हडपसरला आहे. तिला मी सांगितलं होतं की ऑफिसच्या लोकांबरोबर फिरायला जातेय, घरचे उगाच काळजी करतात, आईचा फोन आला तर सांभाळून घे. तिने प्रत्येक वेळी सांभाळून घेतलं. फोटो फिरला त्या संध्याकाळी माझ्या आईने पहिला फोन तिला केला. सासूसासऱ्यांच्या समोर, स्पीकरवर. “तुला सगळं माहीत होतं, तूच पांघरूण घातलंस.” तिला काहीच माहीत नव्हतं, आणि त्या घरात नव्या सुनेच्या माथी हे आलं. तो अकरा मिनिटांचा मेसेज तिने त्यानंतर अर्ध्या तासात, गच्चीवर जाऊन पाठवला होता.

मी तिला म्हणाले, “मी तुझ्याशी खोटं बोलले. आईशी बोलले ते वेगळं, तिला घाबरून बोलले. तुला सांगितलं असतं तर तू कोणाला बोलली नसतीस हे मला माहीत होतं. तरी नाही सांगितलं, कारण तू नको म्हणशील आणि मला ते ऐकायचं नव्हतं.” ती खूप वेळ नदीकडे बघत बसली. मग रडली. मग म्हणाली, “तू मुसलमानाशी लग्न करतेयस याचा मला राग आहेच, तो काही जाणार नाही लगेच. पण तो वेगळा. हा वेगळा होता.”

म्हणून तुम्हाला सांगते, कडक टीका आली की सगळ्यात आधी त्यातलं तुमच्या चुकीचं वाक्य शोधा. बऱ्याचदा ते शेवटी असतं आणि हळू आवाजात असतं. बाकीची बावीस वाक्यं त्या एकाच्या अंगावर चढवलेली असतात. ते वाक्य आधी मान्य केलंत तर उरलेल्यांतली निम्मी ती स्वतःच सोडून देते. मात्र मान्य करायचं ते तेवढंच. तिथे मी अपराधी वाटून ‘लग्नाचाही पुन्हा विचार करते’ असं म्हटलं असतं, तर ते तिच्याशीही खोटं झालं असतं. मी माफी मागितली ती खोटेपणाची. लग्नाबद्दल मी माफी मागितली नाही आणि तिने शेवटी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, “लग्न होणार आहे.”

आणि हो, तिच्या आई-बाबांसमोर, सासरी, मी स्वतः जाऊन सांगितलं की हिला काही माहीत नव्हतं. त्याच दिवशी, घाटावरून उठून. सासऱ्यांनी चहा विचारला नाही. पण ऐकून घेतलं. कबुली फक्त मैत्रिणीच्या कानात देऊन भागत नाही, नुकसान जिथे झालंय तिथे जाऊन द्यावी लागते.

आता यातून सगळं गोड झालं असं समजू नका. नोटिशीनंतर 30 दिवस संपले की पुढे लग्न लावता येतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते लावावं लागतं, नाहीतर नोटीस पुन्हा द्यायची. तीन साक्षीदार लागतात. मी तिला विचारलं होतं की तिसरी सही तू करशील का. ती म्हणाली, “नाही. मला अजून पटलेलं नाही, आणि सही म्हणजे पटलं असं होतं.” मला लागलं ते. पण हे उत्तर खरं होतं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी आमचं लग्न झालं. तिसरी सही माझ्या ऑफिसातल्या एका ताईंनी केली.

दीड वर्ष झालं. आई आता बोलते, बाबा आईच्या फोनवरून बोलतात. धाकटीचं मागच्या वैशाखात जमलं. मैत्रीण महिन्यातून एकदा तरी फोन करते, माझ्या नवऱ्याशी मात्र अजून एकदाही बोललेली नाही. तो मागून ओरडून ‘नमस्कार सांग’ म्हणतो, मी सांगते, ती ‘हूं’ म्हणते.

परवा तिचा मेसेज आला. फक्त चार सेकंदांचा. “ऐक ना, कृष्णाकाठची वांगी आलीत, पुढच्या शनिवारी आमचे हे पुण्याला येणारेत, देते पाठवून. तो वांगी खातो का?”

खातो. मी कळवलंय.